वहिनीचा हरवलेला पासवर्ड

आज सकाळी दांडिया बाजारच्या नाक्यावर सेव उसळ खाताना शेजारचा मुलगा भेटला. नोकरीला लागून तीन वर्षं झाली, पहिल्या पगारापासून निफ्टीच्या फंडात दरमहा ५,००० टाकतोय. म्हणाला, "काका, काल एसआयपी बंद करून टाकली. फार पडतंय हो." असा घास अडकला की विचारू नका.

अरे, काय बंद केलंस? त्याने मोबाइल दाखवला. भरलेले १,८०,०००, दिसतात १,६२,०००. बरं, हप्ता बंद केल्यावर यातला एक रुपया तरी वाचणार आहे का? ते पैसे तिथेच राहणार, उद्या बाजार पडला तर तेही पडणार. म्हणजे ज्या ढिगाची धास्ती घेतलीस तो तसाच उघड्यावर, आणि थांबवलास तो फक्त स्वस्तात मिळणारा पुढचा हप्ता. पाऊस आला म्हणून वाळवण गच्चीवरच ठेवायचं आणि छत्री मात्र घडी करून कपाटात टाकायची, तसलं हे.

एवढं तोंड चालवतोय कारण हाच गाढवपणा मी केलाय. २३ मार्च २०२०, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, मध्ये पाऊण तास व्यवहारच थांबवले होते. निफ्टी ७,६१० वर बंद झाला. जानेवारीत तो बारा हजारांच्या वर होता. त्याच रात्री मी एसआयपी बंद केली आणि शांत झोपलो, खोटं कशाला बोलू.

खालच्या मजल्यावर आमच्या वहिनीची तीच एसआयपी होती. तोच फंड, तेच ५,०००, तीच १० तारीख. तिलाही बंदच करायची होती! पण पासवर्ड लिहिलेलं जुनं कॅलेंडर रद्दीत गेलेलं, नवा मागवावा तर ज्या ईमेलवर येणार तो दादाने कधी काढला होता हे दादालाच आठवेना. लॉकडाऊनमध्ये कचेरीत कोण जाणार? हप्ते जात राहिले.

नोव्हेंबरमध्ये बाजार वर आल्यावर मी शहाणा होऊन पुन्हा सुरू केली. तेव्हा दोघांचे उतारे शेजारी ठेवून हिशोब मांडला. सोपं जावं म्हणून एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, निफ्टी भागिले शंभर असा धरतो. फेब्रुवारीत १२० च्या भावाने ५,००० ला साधारण ४२ युनिट आले होते. एप्रिलच्या हप्त्याला भाव ९०, वहिनीला ५५ च्या वर मिळाले. मे महिन्यात ५४. मग भाव चढत गेला तसे युनिट कमी होत गेले. एप्रिल ते ऑक्टोबरच्या सात हप्त्यांत, म्हणजे ३५,००० रुपयांत, तिच्याकडे जवळपास ३३५ युनिट जमले. माझे तेच ३५,००० बचत खात्यात. १० नोव्हेंबरला भाव १२६, एकदम टाकले असते तरी २७७ च मिळाले असते. ५८ युनिटांचा फरक, तेव्हाच्या भावाने सात हजारांहून थोडा जास्त.

हां, सात हजारांनी कुणी श्रीमंत होत नाही, मान्य. आणि बाजार दर वेळी सात-आठ महिन्यांत उठतोच असंही नाही; जपानच्या निक्केईला १९८९ चा उच्चांक पुन्हा गाठायला २०२४ उजाडलं. एकाच उद्योगाच्या फंडात अडकला असाल तर मी काहीच बोलत नाही.

पण खरी गंमत सात हजारांत नाहीच. बंद केल्यावर पुन्हा सुरू कधी करायची, हे मला कुणी सांगणार होतं का? एप्रिलमध्ये वाटलं, अजून पडेल. जूनमध्ये १०१ वर वाटलं, ही तेजी खोटी. ऑगस्टमध्ये ११२ च्या वर गेल्यावर म्हटलं, आता महाग झालं, जरा खाली येऊ दे. प्रत्येक महिन्याला नवं कारण, आणि प्रत्येक कारण तेव्हा शहाणपणाचंच वाटायचं! वहिनीला यातलं काहीच ठरवावं लागलं नाही. ती कैरीचं लोणचं घालत होती.

सकाळी जरा जास्तच बोललो त्या पोराला. नंतर हळूच म्हणाला, बाबांचं ऑपरेशन ठरतंय, हाताशी काही नको का? अरे, मग हे आधी सांगायचंस! घरात पाच-सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर हप्ता थांबव, बिनधास्त थांबव. फंडात दोन-तीन महिन्यांच्या विरामाची सोय असेल तर ती घे, म्हणजे पुन्हा सुरू करायचा मुहूर्त शोधत बसावं लागणार नाही. फक्त आहेत ते युनिट, गरज पडल्याशिवाय, घाबरून विकू नकोस. उसळीचे पैसे मीच दिले.

हे टाइप करत होतो तेवढ्यात वहिनी जिना चढून वर आली, हातात मोबाइल. "भावजी, पुतण्याने नवा पासवर्ड काढून दिला बघा. पण ही लाल अक्षरं कसली हो? बंद करून टाकू का?"

थांबा, आलोच.