एका रुपयासाठी ऐंशी हजार? वहिनींच्या बोनसचा हिशोब

"सर्व नोकरदारांनी वाचा! १) पगार १६ लाखांच्या आत असेल तर १५ टक्के म्हणजे २.४० लाख टॅक्स. एक रुपया जरी वर गेला तरी २० टक्के म्हणजे ३.२० लाख. एका रुपयासाठी ८० हजार गेले! २) १२ लाखांना टॅक्स शून्य, पण १२ लाख १० हजारांना थेट ६१,५००. ३) बोनसवर सरकार ३० टक्के कापून घेतं. ४) म्हणून स्लॅबच्या जवळ असाल तर इन्क्रिमेंट, बोनस नाकारा किंवा पुढच्या वर्षी मागा. सीएसुद्धा हे सांगत नाहीत. पुढे पाठवा."

हे पुढे पाठवणारे आमचे दादा. एवढंच असतं तर मी नेहमीसारखा अंगठ्याचा इमोजी टाकून सोडून दिलं असतं. पण वहिनींनी ते खरं मानून कंपनीच्या एचआरला मेल टाकला, की माझा सव्वा लाखाचा बोनस फेब्रुवारीत नको, एप्रिलनंतर द्या. मी वीस वर्षं लोकांची रिटर्न भरतोय आणि माझ्याच घरात हे! तेव्हा आता दादांनी जरा शांतपणे वाचावं.

पहिला मुद्दा सगळ्यात खोटा, म्हणून तोच नीट बघू. दादा, घरातलं महावितरणचं बिल काढा. ३२० युनिट जळाले म्हणून सगळी ३२० युनिटं तिसऱ्या टप्प्याच्या दराने लावलेली दिसतात का? पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त वरची २० तिसऱ्या दराने. आयकराचा स्लॅब असाच चालतो. वरच्या टप्प्याचा दर वरच्या टप्प्यात पडलेल्या पैशालाच लागतो, खालच्या पैशाला तो शिवतही नाही.

आता वहिनींचेच आकडे, आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. पगार १६,५०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, करपात्र उत्पन्न १५,७५,०००. (स्लॅब हे करपात्र उत्पन्नाला लागतात, पगाराला नाही. म्हणजे १६ लाखांची रेष पगारात मोजायची तर १६.७५ लाखांवर येते. मेसेज लिहिणाऱ्याला हेही माहीत नाही.) पहिल्या ४ लाखांना काही नाही. ४ ते ८ लाखांना ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांना १० टक्के, म्हणजे ४०,०००. उरलेल्या ३,७५,००० ला १५ टक्के, म्हणजे ५६,२५०. बेरीज १,१६,२५०. त्यावर ४ टक्के सेस ४,६५०. एकूण कर १,२०,९००.

बोनस घेतला तर करपात्र उत्पन्न १७,००,०००. खालचे सगळे टप्पे जिथल्या तिथे. सव्वा लाखातले पहिले २५,००० रुपये १५ टक्क्यांचा टप्पा भरायला गेले, त्यावर कर ३,७५०. उरलेले १,००,००० वीसच्या टप्प्यात, त्यावर २०,०००. सेस धरून वाढलेला कर २४,७००. म्हणजे सव्वा लाखातले १,००,३०० रुपये वहिनींचे. हेच त्या नाकारायला निघाल्या होत्या.

आणि १६ लाखांवरचा तो एक रुपया? त्यावर कर २० पैसे, सेस धरला तर एकवीस पैशांच्या आत. ऐंशी हजार कुठून आले? मेसेजवाल्याने २.४० लाख आणि ३.२० लाख असे जे दोन आकडे दिलेत, ते दोन्ही १६ लाखांवर कुणीच भरत नाही. १६ लाख करपात्र उत्पन्नावर खरा कर सेससकट १,२४,८०० होतो. हा माणूस करच दुप्पट धरून बसलाय आणि वर सीएंना नावं ठेवतोय.

इथे दोन वेगळ्या दरांची खिचडी झाली आहे. बोनस घेतल्यावर वहिनींचा एकूण कर १,४५,६००, त्याला १७ लाखांनी भागा. उत्तर साधारण साडेआठ टक्के. हा सरासरी दर. आणि यापुढे येणाऱ्या रुपयावर जो कर बसतो, सेससकट २०.८ टक्के, तो सीमांत दर. वर्षभरात आपल्या कमाईतला किती हिस्सा सरकारला गेला, हे पहिला दर सांगतो. नवीन पैसा घ्यावा की नको हे ठरवताना बघायचा तो दुसरा. मेसेजने सीमांत दर उचलला आणि सगळ्या पगारावर फासला. लोकसुद्धा "मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे" असं म्हणतात तेव्हा आपण वीस टक्के भरतो असंच त्यांच्या मनात असतं. वहिनी बोनसच्या आधी ७.७ टक्के भरत होत्या, बोनस घेऊन साडेआठ भरतील. स्लॅब बदलला की सरासरी दर हळूहळू चढतो, उडी मारत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे तो स्लॅबमुळे नाही. स्लॅबप्रमाणे १२ लाखांवर ६०,००० कर होतोच, पण कलम ८७अ ची रिबेट तो पूर्ण माफ करते. बारा लाख ओलांडले की ती माफी जाते. तेव्हा इथे खरंच कडा असायला हवा होता. पण मार्जिनल रिलीफ म्हणून एक सोय आहे: १२ लाखांच्या वर जेवढे रुपये गेले, त्याहून जास्त कर लावायचा नाही. गंमत म्हणजे मेसेजमधला १२ लाख १० हजारांचा आकडा २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबर सरकारने जी प्रश्नोत्तरं काढली त्यातलाच आहे. तिथे लिहिलंय की रिलीफ नसती तर कर ६१,५०० झाला असता, रिलीफमुळे तो १०,००० होतो. मेसेजवाल्याने अर्धं वाक्य घेतलं आणि उरलेलं अर्धं टाकून दिलं.

पण दहा हजार वाढले आणि दहा हजार कर गेला, म्हणजे हाती काय आलं? काहीच नाही. उलट त्या दहा हजारांवर ४ टक्के सेस बसतो, म्हणजे ४०० रुपये खिशातून. म्हणून १२ लाखांच्या लगेच वर सीमांत दर १०४ टक्के आहे. हा पट्टा करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत जातो, आणि सेसचा खड्डा भरून १२ लाखवाल्याच्या बरोबरीला यायला १२ लाख ७४ हजारांच्या आसपास पोचावं लागतं. पगारात मोजलं तर १२.७५ लाखांपासून जवळजवळ १३.४९ लाखांपर्यंत. सरासरी आणि सीमांत दर वेगळे असतात हे पटत नसेल तर हाच पट्टा बघावा: १२.५० लाख करपात्र उत्पन्नाच्या माणसाचा सरासरी दर जेमतेम ४.१६ टक्के, आणि पुढच्या रुपयावर १०४ टक्के.

या पट्ट्यातली माणसं माझ्याकडेही येतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा पगार १२,९५,०००. करपात्र उत्पन्न १२,२०,०००, कर २०,०००, सेस ८००. शेजारच्या टेबलावरच्या १२.७५ लाखवाल्यापेक्षा याच्या हातात ८०० रुपये कमी. त्याला मी पगारवाढ नाकार असं नाही सांगितलं. कंपनीला म्हणालो, याच्या पगारातले वीस हजार कंपनीचा हिस्सा म्हणून एनपीएसमध्ये टाका. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीने भरलेला हिस्सा नव्या प्रणालीतही वजा होतो. उत्पन्न बरोबर १२ लाखांवर आलं, कर शून्य. पैसे निवृत्तीपर्यंत बहुतेक अडकले, हे खरं. पण सरकारला जाण्यापेक्षा बरे. पुढच्या वर्षीच्या वाढीत तो हा पट्टा ओलांडून जाईल आणि प्रश्नच मिटेल.

जुन्या प्रणालीत ५ लाखांवर खराखुरा कडा आहे. तिथे ही रिलीफ नाही. पाच लाखांपर्यंत शून्य आणि दहा रुपये वर गेले की सुमारे १३,००० कर. मेसेजवाल्याला भीतीच घालायची होती तर हे उदाहरण द्यायला हवं होतं. अर्थात त्याचा वहिनींच्या पगाराशी काडीचा संबंध नाही.

तिसरा मुद्दा: बोनसला वेगळा दर नाही. बोनस म्हणजे पगारच. आणि ३० टक्क्यांचा टप्पा २४ लाखांच्या वर सुरू होतो, वहिनी त्याच्या आसपासही नाहीत. ही समजूत कुठून येते ते मात्र मला कळतं, कारण ती सॅलरी स्लिपमधून येते. पगारावरचा टीडीएस कंपनी वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर सरासरी दराने कापते, कायद्यात शब्दच तसा आहे. एप्रिलपासून वहिनींचे महिन्याला १०,०७५ कापले जात होते. फेब्रुवारीत बोनस आला की वर्षाचा अंदाज बदलतो आणि वाढलेला २४,७०० चा कर उरलेल्या दोनच महिन्यांत वसूल करावा लागतो. दोन्हींत सारखा वाटला तर महिन्याला २२,४२५, एकाच महिन्यात घेतला तर ३४,७७५. दहा हजारांची सवय असलेल्याला स्लिपवर चौतीस हजार दिसले की तो म्हणणारच, बोनस सरकारने खाल्ला. त्याने बोनसचा आकडाही त्याच स्लिपवर बघावा.

राहिला चौथा मुद्दा, पुढच्या वर्षी मागायचा सल्ला. स्लॅब हेच राहिले आणि वहिनींचा पगार एप्रिलमध्ये थोडा वाढून १६.७५ लाखांच्या वर गेला, तर यंदा जे २५,००० रुपये पंधराच्या टप्प्यात बसत होते तेही पुढच्या वर्षी वीसमध्ये जातील. सव्वा लाखावर २४,७०० ऐवजी २६,००० कर. तेराशे रुपये जास्त भरायचे, ते बोनसची दोन-तीन महिने वाट बघून.

वहिनींनी काल रात्री दुसरा मेल टाकला, "आधीचा मेल कृपया रद्द समजावा." एचआरवाली म्हणाली, या आठवड्यात असा मेल मागे घेणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. दादांनी ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही, फक्त तो मेसेज डिलीट केलाय. मला दिसलं, दादा.