भेटीचा घाट

वाईसारख्या गावात पहिल्या भेटीची जागा ठरवणे हे त्या भेटीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे ‘डेट’ या शब्दाचा अर्थ अजूनही न्यायालयाची तारीख असाच होतो. एकदा मी फोनवर मैत्रिणीला ‘डेट ठरत नाहीये’ असे म्हटले, तेव्हा बाबांनी पेपरातून डोके वर काढून ‘कुणाची केस?’ असे काळजीने विचारले होते.

तो पाचगणीच्या एका शाळेत शिक्षक आणि मी साताऱ्याला नोकरीला. एका मैत्रिणीच्या लग्नात ओळख झाली, पुढे दोन महिने फोनवर बोलणे झाले आणि मग एकदा निवांत भेटावे असे दोघांनाही वाटू लागले. ‘कधी’ हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. ‘कुठे’ या प्रश्नाला तीन आठवडे लागले.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या गावाची लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास आहे. त्यांपैकी निम्मे लोक आईला ओळखतात आणि उरलेल्यांना माझी आत्या ओळखते. शिवाय आमच्याकडे कुणी ‘परवा तुझ्याबरोबर कोण होते?’ असे तोंडावर विचारत नाही. तेवढा सुसंस्कृतपणा गावात आहे. आत्या फक्त एवढेच म्हणते, “परवा घाटावर तुझा तो निळा ड्रेस काय छान दिसत होता गं!” आणि कांदे चिरू लागते. पुढचे सगळे आपण आपल्या मनाने भरून घ्यायचे असते.

पहिली सूचना त्याची होती आणि ती अर्थातच गणपती घाटाची होती. मी ती तत्काळ फेटाळली. कृष्णेचे घाट ज्यांनी बांधले त्यांनी स्नानसंध्येची उत्तम सोय केली, पण पायऱ्यांची रचना नाट्यगृहाच्या बाल्कनीसारखी करून ठेवली आहे. वरच्या पायरीवर बसलेल्याला खालचा प्रत्येक माणूस स्पष्ट दिसतो आणि पाण्याजवळ बसलेला माणूस आपोआप रंगमंचावर येतो. संध्याकाळी वरच्या पायऱ्यांवर सेवानिवृत्त मंडळी बसलेली असतात. ती चहाडी करत नाहीत, फक्त नोंद ठेवतात. “मग ढोल्या गणपतीच्या मागे भेटू,” असे तो म्हणाला. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचे पाणी त्या टोकावर आपटून दोन बाजूंना वाटले जाते. पण ती भिंत कृष्णेचा पूर फोडण्यासाठी आहे, प्रदक्षिणा घालणाऱ्या ओळखीच्या बायकांचा लोंढा फोडण्याची सोय तिथे नाही. त्यातून त्या दिवशी संकष्टी निघाली.

स्कार्फचाही विचार झाला. आमच्याकडच्या मुली दुचाकीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळतात, त्यामुळे आपण ओळखू येत नाही असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. प्रत्यक्षात गाव माणसाला चेहऱ्यावरून ओळखतच नाही, ते आधी गाडी ओळखते. माझ्या स्कूटरच्या डाव्या अंगाला भावाने कंपाउंडच्या भिंतीला घासून पाडलेला ओरखडा आहे आणि तो आमच्या आळीत माझ्या नावापेक्षा अधिक परिचित आहे. उरलेल्या दोन डोळ्यांबद्दल म्हणावे, तर ते हुबेहूब बाबांसारखे आहेत.

मग हॉटेलचा विषय निघाला. गावातल्या एका हॉटेलात ‘फॅमिली रूम’ आहे, म्हणजे प्लायवूडच्या आडोशाने केलेले चार कप्पे आणि प्रत्येकाला एक पडदा. पडद्याचा हेतू उदात्त असला तरी तो जमिनीपासून दीड हात वर संपतो. येणाऱ्याजाणाऱ्याला आतल्यांचे फक्त पाय दिसतात आणि माझ्या चपला आई आणि आत्याने मिळून घासाघीस करून घेतलेल्या आहेत. खेरीज उघड्यावर बसून मिसळ खाणारे दोघे केवळ भुकेले असू शकतात, पण पडदा ओढून मिसळ खाणाऱ्यांची भूक कुणालाच पटत नाही.

पाचगणीचे टेबललँड मी सुचवले. पसरणी घाट चढून बारा किलोमीटर, वारा गार, जागा प्रशस्त. “तिथे माझी सातवी ‘ब’ असते,” तो खोल आवाजात म्हणाला. नातेवाईक निदान घरी जाऊन सांगतात, सातवी ‘ब’ तिथल्या तिथे “सर, गुड इव्हिनिंग!” असे एका सुरात ओरडते. शिवाय ते पठार नावाप्रमाणेच टेबलासारखे सपाट आहे. मैलभर अंतरावरचा घोडासुद्धा तिथे ओळखू येतो, आणि वाईतल्या प्रत्येक घरी मुंबईहून पाहुणे आले की त्यांना तिथेच नेण्याची प्रथा आहे.

शेवटी साताऱ्याचा पर्याय उरला. पस्तीस किलोमीटर म्हणजे सुरक्षित अंतर, असे मलाही आधी वाटले. पण वाईची माणसे साताऱ्याला जातात ती न्यायालय, सिव्हिल हॉस्पिटल, कलेक्टर कचेरी आणि लग्नाचा बस्ता या कामांसाठी. या चारही कामांत तासन्‌तास बाहेर बसून रस्त्याकडे पाहत राहण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. म्हणजे गावात जे लोक कामात असतात, तेच साताऱ्यात टेहळणीला मोकळे असतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की, गावात कुणी पाहिले तर ‘सहज भेटलो’ असे म्हणता येते. पस्तीस किलोमीटर दूर कुणी सहज भेटत नाही. भेटीची जागा जितकी लांब, तितका गुन्हा मोठा, हे गणित मला तेव्हा कळले आणि शोधाची दिशाच बदलली. आम्हाला कुणी न पाहण्याची जागा नको होती. दोघांनाही वेगवेगळ्या कारणाने हजर राहता येईल आणि पाहणाऱ्यांना पाहायला आमच्यापेक्षा बरे काहीतरी असेल, अशी जागा हवी होती.

ती सापडली वाईजवळच्या मेणवलीत. आमच्या भागातले लोक शूटिंगला सरावलेले आहेत. आमची कृष्णा हिंदी चित्रपटांत बहुतेक वेळा गंगा असते आणि आमची आळी उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये असते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट तर कॅमेऱ्यासाठीच बांधला असावा इतका देखणा आहे. जानेवारीत तिथे एका मालिकेचे शूटिंग लागल्याची बातमी आली आणि आमचे सगळे जुळून आले. मेणवलीतल्या मैत्रिणीकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते, हे माझे निमित्त. मेणवलीतच त्याच्या घरचे शेत होते आणि उसाला तोड आली होती, हे त्याचे. बेत असा होता की गर्दीत शेजारीशेजारी उभे राहायचे, दोघांनी समोर पाहायचे आणि ओठ न हलवता बोलायचे. सगळ्या गावाचे डोळे एकाच दिशेला असताना आमच्याकडे कोण बघणार?

पहिली दहा मिनिटे बेत निर्विघ्न पार पडला. मी काठापदराची साडी नेसून, हातात वाणाचा डबा घेऊन उभी होते. तो दोन माणसे सोडून पलीकडे होता. घंटेच्या देवळाजवळ, म्हणजे वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा जिथे टांगली आहे तिथे, दिवे लावण्याचे काम चालले होते. मधली दोन माणसे चहाला गेली, आम्ही एक पाऊल सरकलो आणि त्याने त्या भेटीतले पहिले वाक्य समोरासमोर, खरे तर बाजूबाजूने, उच्चारले, “तुम्ही जेवून आलात का?”

मी उत्तर देणार एवढ्यात टोपी घातलेला एक घामाघूम मुलगा दोरी ओलांडून आला. नवविवाहित जोडपे म्हणून ठरवलेली मंडळी सुरूरच्या फाट्यावर अडकली होती आणि उजेड चालला होता. त्याने गर्दीवरून नजर फिरवली, माझी साडी पाहिली, शेजारचा पांढरा सदरा पाहिला आणि जाहीर केले, “ताई, दादा, तुम्ही दोघं या. काही करायचं नाही, फक्त घाटाच्या पायऱ्या उतरायच्या.” मी नाही म्हणायला तोंड उघडले, तोच गर्दीतून ओळखीचा आवाज आला, “अगं जा की! लाजतेस काय? टीव्हीवर दिसशील!” आत्या हळदीकुंकवाला आली होती.

पाच मिनिटांत प्लास्टिकच्या डब्यातले मंगळसूत्र माझ्या गळ्यात पडले. त्याच्या खांद्यावर उपरणे आले आणि एका बाईने त्या उपरण्याची माझ्या पदराशी सराईतपणे गाठ मारली. ज्या माणसाला मी जेवले की नाही हेसुद्धा अजून सांगितले नव्हते, त्याच्याशी माझी गाठ बांधून मला अख्ख्या गावासमोर घाटावर उभे करण्यात आले. पहिल्या वेळी आम्ही दोघांमध्ये एवढे अंतर ठेवले की गाठ सुटली. “अहो, नवराबायको आहात, भाऊबंदकी नाही!” असे कुणीतरी कर्ण्यावरून ओरडले आणि गाव पोट धरून हसले. दुसऱ्या वेळी नदीतून म्हैस आली. तिसऱ्या वेळी एका पोराने घंटा वाजवली. चौथ्या वेळी तो मला काहीतरी सांगत होता आणि मी खरोखरच हसले, म्हणून ‘ताई, सोज्वळ हसा’ असा निरोप आला.

मात्र प्रत्येक खेपेला पुन्हा वर चढून तयारी होईपर्यंत सात-आठ मिनिटे जात. तेवढा वेळ आम्ही दोघेच वरच्या पायरीवर उभे असायचो. सगळे गाव दोरीच्या पलीकडे, आणि दोरीपाशी काठी घेतलेला माणूस कुणालाही जवळ येऊ देत नव्हता. तीन आठवडे नकाशा धुंडाळून न सापडलेला एकांत आम्हाला दीडशे लोकांच्या देखत मिळाला होता. तेवढ्यात मला त्याची सातवी ‘ब’ कळली आणि त्याला माझी साताऱ्याची एस.टी. कळली. त्याला वांगे आवडत नाही हे तिसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या मध्ये निघाले, आणि पाचव्या खेपेच्या आधी तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला. शेवटी दोघांना एकेक वडापाव मिळाला, मंगळसूत्र डब्यात परत गेले आणि मी वाणाचा डबा घेऊन आत्याच्या मागे निमूट चालू लागले.

मालिकेत ते दृश्य आले तेव्हा आमच्या घरी आळीतल्या बायका जमल्या होत्या. आमची पाठ चार सेकंद दिसली. “चेहरा कापलाच की मेल्यांनी,” आत्या हळहळली आणि आपल्या फोनवर तिने काढलेले चित्रीकरण सगळ्यांना दाखवू लागली. त्यात अर्थातच आम्ही पायऱ्या पुन्हापुन्हा उतरत होतो. आईने ते दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा मधेच थांबवले आणि चष्मा नाकावर सरकवून शांतपणे विचारले, “पाचव्या वेळेनंतर दिवे विझवलेत, लोक दोरी गुंडाळतायत. मग ही सहाव्यांदा तुम्ही दोघं कुणासाठी उतरताय?”