रिपोर्टमध्ये १ दिवस, ग्राहकाकडे १३ दिवस

★☆☆☆☆ "मी ऑपरेशन्स हेड आहे. रोज सकाळी तुमचा एजिंग रिपोर्ट बघते. ५ दिवसांच्या वर एकही ऑर्डर नाही असं दिसत होतं आणि त्याच दिवशी ग्राहकाचा फोन आला की १३ दिवस झाले, पार्सल कुठंय? मग हा रिपोर्ट काय कामाचा?"

नमस्कार मॅडम, चूक आमचीच आहे. ती ऑर्डर मी स्वतः बसून तपासली, नंबर इथे टाकत नाही.

२ तारखेला ऑर्डर आली, ३ ला लेबल निघालं आणि तिथेच आमच्या सिस्टीमने तिला पेंडिंगमधून काढून शिप्ड करून टाकलं. खरं तर बॉक्स ५ तारखेपर्यंत तुमच्याच गोडाऊनमध्ये होता, कुरियरचा पिकअप स्कॅन ५ चा आहे. ६ ला भिवंडी, ८ ला नागपूर हब, आणि मग १०, १२, १४ ला तीन वेळा 'ग्राहक उपलब्ध नाही'. आम्ही दिवस मोजत होतो शेवटच्या अपडेटपासून, त्यामुळे अशी प्रत्येक नोंद आली की मोजणी परत शून्यावर. म्हणून १५ तारखेला तुम्हाला १ दिवस दिसला. पार्सल नागपुरातच ७ दिवस पडून होतं.

आता दोन वेगळे आकडे दिसतात. एक ऑर्डर आल्यापासूनचे एकूण दिवस, तो कशानेही शून्य होत नाही. दुसरा अडकल्याचे दिवस, तो फक्त पार्सलची जागा बदलली तरच शून्य होतो, नुसत्या शेऱ्याने नाही. आणि लेबल निघालं तरी पिकअप स्कॅन येईपर्यंत ऑर्डर पेंडिंगमध्येच राहते, म्हणजे उशीर गोडाऊनचा की कुरियरचा हे लगेच कळतं.

सकाळी लिस्ट लावताना अडकल्याच्या दिवसांनी लावा. एकूण ९ दिवस झालेलं गुवाहाटीचं पार्सल रोज पुढे सरकत असेल तर त्याला हात लावायची गरज नसते, पण ४ दिवसांचं नागपूरचं २ दिवस एकाच हबला असेल तर फोन आत्ता करायचा. म्हणून लाल खूण किती दिवसांनी लागावी हे मार्गाप्रमाणे ठेवलंय, तुमच्यासाठी नागपूरला २ आणि ईशान्येकडे ४, हवं तसं बदलता येतं. लांबच्या मार्गावर ट्रक दोन हबच्या मध्ये असताना स्कॅन येतच नाही, तिथे काही खुणा उगाच लागतील, त्याला सध्या माझ्याकडे इलाज नाही.

आणखी एक, त्या तिन्ही नोंदी संध्याकाळी ७ नंतरच्या आहेत आणि ग्राहक म्हणतो फोन आलाच नाही. कुरियरकडे कॉल रेकॉर्ड मागा. तीन प्रयत्नांनंतर बहुतेक वेळा पार्सल परत निघतं, म्हणून आता दुसऱ्या प्रयत्नालाच तुम्हाला अलर्ट येईल.

मागच्या ३ महिन्यांच्या ऑर्डर्स नव्या पद्धतीने परत मोजायला घेतल्यात, शुक्रवारपर्यंत फाईल तुमच्या मेलवर येईल.