पोर पाठवा, पण नेमकं काही बोलू नका

मुलाला मित्राकडे रात्री राहायला पाठवायचं ठरलं की पहिलं पथ्य हे पाळा: समोरच्या आईशी फोनवर नेमकं काहीही बोलू नका. नेमकं बोलणारी बाई खोचक ठरते, आणि खोचक बाईच्या घरी पुढच्या मे महिन्यात आंब्याची पेटी येत नाही. संभाषण एवढंच असावं. "वहिनी, शनिवारी पाठवते हं त्याला." "पाठवा की हो, चार पोरांत पाचवं!" मग पाच मिनिटं पावसाबद्दल बोला आणि ठेवून द्या.

उदाहरणादाखल आठ वर्षांचा एक मुलगा घ्या. घर गुहागरच्या बाजूला, मित्र दाभोळला, मधे वाशिष्ठीची खाडी. धोपावे ते दाभोळ फेरीबोट आहे, त्यामुळे अंतर किरकोळ. मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे. असं पोर म्हणजे आपल्या पद्धतीची खरी परीक्षा.

आणण्या-सोडण्याची वेळ "संध्याकाळी" अशी सांगावी. कोकणात संध्याकाळ गुरं परत आल्यावर सुरू होते आणि टीव्हीवरच्या मालिका संपेपर्यंत चालते, त्यामुळे दोन्ही बाजूंना भरपूर सवड मिळते. कुठल्या फेरीने येणार, ते विचारू नका. कुठल्या धक्क्यावर भेटायचं, हे तर मुळीच नको. "धक्क्यावर भेटू" म्हणावं. मग एकाने धोपाव्याला उभं राहावं, दुसऱ्याने दाभोळला, आणि दोघांनी खाडीपलीकडे बघत "हे लोक वेळेचे पक्के नाहीत" असं म्हणावं. शेवटची फेरी चुकली तरी हरकत नाही. चिपळूण, खेड, दापोली असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा आहेच, आणि झोपलेल्या पोराला गाडीतून घाट दाखवण्याची संधी वारंवार येत नाही. पावसाळ्यात वारा वाढला की बोट मधेच बंद ठेवतात. तेव्हा काय करायचं, हे आधी ठरवणं म्हणजे अभद्र बोलणं.

रविवारी न्यायला कोण येणार? "मामा येईल." कुठला मामा, हे गुलदस्त्यात ठेवा. काही चिकित्सक आया येणाऱ्याचं पूर्ण नाव कळवतात, गाडीचा नंबर देतात, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, तोच मुलालाही दाखवून ठेवतात, आणि वर बजावतात, "दुसरं कोणी आलं तर मला फोन केल्याशिवाय सोडू नका." अशा घरात नातेवाईकांचा मान कसा राहणार?

आता जेवण. "सगळं खातो ना?" असं विचारलं जाईल. "सगळं खातो, फक्त कोळंबी नको" एवढं सांगा आणि थांबा. पुढचं काम भाषा करते. त्या घरात कोळंबी म्हणजे बाजारातून ओली आलेली, सोलायची, कालवणात पडणारी. हीच कोळंबी सोलून उन्हात वाळवली की तिचे सोडे होतात, आणि सोडे म्हणजे काकूंच्या मते मासळीच नव्हे. वांग्याला चव येण्यासाठी घातलेला मसाला. जवळा तर आणखी बारीक, म्हणून आणखी निष्पाप. कुर्ल्या वेगळ्या, शेवंड वेगळी. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना या कवचवाल्या मंडळींचाही त्रास होतो, पण तुम्ही एकच नाव घेतलंत आणि यजमानांनी ते अक्षरशः पाळलं.

वाळवल्याने किंवा शिजवल्याने हा दोष जात नाही. ॲलर्जी आणणारं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ताटातले सोडे बाजूला काढून "आता खा रे बाळा" म्हणण्यात माया दिसते, उपयोग दिसत नाही. रस्सा आधीच मुरलेला असतो. कोळंबी तळलेल्या तेलात बांगडा तळला, किंवा त्याच तव्यावर सकाळी घावन घातलं, तरी तेच. काहींना तर कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागतात, म्हणून टाळावं.

शिवाय वार आपल्या मदतीला असतो. शनिवार. त्या घरी शनिवार पाळतात, रात्री वरण-भात आणि बटाट्याची भाजी, म्हणजे तुम्ही निर्धास्त. पण पोर राहणार रविवार सकाळपर्यंत, आणि रविवारी पाहुण्या मुलासाठी खास म्हणून काकू आठ वाजता सोड्यांचे पोहे करतात. मामाची फेरी दहाची. मधल्या दोन तासांवर कुणाचंच नियोजन नाही.

त्रास बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसतो. आधी ओठांना खाज, अंगावर गांधी, मग ओठ-पापण्या सुजतात, ओकारी होते. इथे "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा" हा सल्ला देणारं कुणीतरी घरात असतंच, त्याला बोलू द्या. आवाज घोगरा झाला, खोकल्याची ढास लागली, श्वासाला शिट्टी येऊ लागली किंवा पोर गळून गेलं, तर खाजेच्या गोळीने भागत नाही. ती खाज कमी करते, सुजलेला घसा उघडत नाही. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि १०८ ला फोन लागतो. डॉक्टरांनी तुम्हाला इंजेक्शन लिहून दिलेलं असेल, तर ते मुलाबरोबर न पाठवता घरच्या फ्रिजवर नीट जपून ठेवा. एकदा बरं वाटल्यावर काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून दवाखान्यात थांबवून घेतात. ते कळलं तर यजमान उगीच घाबरतील.

समुद्रावर पोहायला नेणार का, पोराला पोहता येतं का, गादी ओली करतो का, हे प्रश्न फोनवर शोभत नाहीत.

राहिला नंबर. बाबांचा द्यावा. बाबा मुंबईला नोकरीला असतात आणि रात्री अकराला फोन सायलेंटवर टाकून झोपतात, त्यामुळे कुणाची झोपमोड होत नाही. आईचा दिलाच तर हे लक्षात ठेवा, की घरात रेंज फक्त मागच्या पडवीत, फणसाच्या बाजूला उभं राहिल्यावर येते. समोरच्या घरातही बहुधा असाच एखादा फणस असतो. दोन फणसांचा मेळ जमला तर बोलणं होतं. उतावळे लोक मूल पोचताच त्याच घरातून एक फोन लावून बघतात, रात्री वाजणारा दुसरा नंबर शेजाऱ्यांचा देतात आणि दोन्ही कागदावर लिहून स्विचबोर्डाजवळ चिकटवायला सांगतात, कारण लाइट गेली की चार्जिंगही जातं.

तुम्ही मुलाकडून नंबर पाठ करून घेऊ नका. चिठ्ठीवर लिहा, चार घड्या घाला आणि त्याच्या चड्डीच्या खिशात कोंबा. काकू हौशी आहेत. पाहुण्या पोराचे मळके कपडे त्या रात्रीच भिजत घालतात.