पितृत्व रजेचा अर्ज: कारण थोडक्यात, तारखा नेमक्या

केंद्र सरकारच्या कार्यालयात आस्थापना शाखेत काम करताना पितृत्व रजेचे बरेच अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यांतल्या बहुतेक अर्जांत पत्नीच्या प्रकृतीचे आणि घरच्या अडचणींचे सविस्तर वर्णन असते, परंतु रजा मंजूर करणाऱ्याला लागणारी प्रसूतीची तारीख आणि हयात अपत्यांची संख्या शोधूनही सापडत नाही. काही जण तर नुसते ‘घरगुती कारणास्तव पंधरा दिवस रजा मिळावी’ असे लिहितात, आणि मग ते पंधरा दिवस त्यांच्या अर्जित रजेतून वजा होतात. ही चूक अर्जदाराची असली तरी शाखेनेही एकदा विचारायला हवे, असे माझे प्रांजळ मत आहे.

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधील नियम 43-अ नुसार दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला पत्नीच्या प्रसूतीसाठी 15 दिवसांची पूर्ण पगारी रजा मिळते. ती प्रसूतीच्या 15 दिवस आधीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते, रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि इतर रजेला जोडता येते. मात्र मुदतीत घेतली नाही तर ती संपुष्टात येते. ही रजा सामान्यतः नाकारू नये, असेही नियमाखालील टीप सांगते. खासगी नोकरीत मात्र पितृत्व रजा देण्याचे कायद्याचे सर्वसाधारण बंधन नाही. तिथे कंपनीचे धोरण किंवा नेमणुकीचे पत्र हाच आधार असल्याने अर्जात त्यातील कलमाचा उल्लेख करावा.

‘दोनपेक्षा कमी’ या शब्दांवरून दुसऱ्या अपत्याच्या वेळी हमखास गोंधळ होतो. बाळ जन्मल्यावर अर्ज केला आणि ‘मला दोन अपत्ये आहेत’ असे लिहिले, तर अर्ज शेरा मारून परत येऊ शकतो. म्हणून ‘या प्रसूतीपूर्वी मला एक अपत्य हयात आहे’ असेच लिहावे, कारण मोजणी नव्या बाळाला वगळून होते.

दिवस कसे मोजतात, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, मंगळवार, 11 जून 2024 रोजी प्रसूती झाली आणि बाळ-बाळंतीण शुक्रवारी, 14 तारखेला घरी येणार आहेत. रजेतले 15 दिवस कॅलेंडरचे असतात, म्हणजे मधले शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टीही त्यांत धरली जाते. शुक्रवार 14 ते शुक्रवार 28 जून अशी रजा घेतली आणि कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचे असेल, तर 29 व 30 तारखेची सुट्टी रजेनंतर जोडण्याची परवानगी मागता येते आणि सोमवारी, 1 जुलैला रुजू होता येते. हीच रजा सोमवारी सुरू केली असती तर ती सोमवारीच संपली असती आणि मंगळवारी कामावर यावे लागले असते.

अर्जाचा मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्या पत्नीची प्रसूती दि. 11 जून 2024 रोजी झाली असून या प्रसूतीपूर्वी मला एक अपत्य हयात आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 मधील नियम 43-अ अन्वये मला दि. 14 ते 28 जून 2024 अशी 15 दिवसांची पितृत्व रजा मंजूर करावी आणि दि. 29 व 30 जून या सुट्ट्या रजेस जोडण्याची परवानगी द्यावी. रुग्णालयाचा दाखला सोबत जोडला आहे. रजेच्या काळातील पत्ता खाली दिला आहे.’

आमच्याकडे अर्ज विहित नमुन्यात, हिंदीत किंवा इंग्रजीत जातो, पण क्रम हाच असतो. प्रसूतीपूर्वी रजा हवी असेल तर डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख लिहून त्यांचा दाखला जोडावा.

दत्तकाच्या बाबतीत पुरुषाला नियम 43-अअ खाली 15 दिवस आणि स्त्रीला 43-ब खाली 180 दिवस मिळतात. दोन्हींसाठी हयात अपत्ये दोनपेक्षा कमी आणि दत्तक बाळ एक वर्षाच्या आतील असावे लागते. येथे घोळ होतो तो तारखांचा. बाळ आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश नंतर निघतो. दहा महिन्यांचे बाळ घरी आले आणि आदेशाला तीन महिने लागले, तर वयाची अट कोणत्या दिवशी पाहायची, हा वाद उभा राहतो. त्यामुळे बाळाची जन्मतारीख, ताबा मिळाल्याची तारीख आणि असल्यास आदेशाची तारीख अशा तिन्ही तारखा अर्जात स्पष्ट लिहाव्यात. आदेशाची वाट पाहत न बसता ताबा मिळाल्याच्या कागदाची प्रत जोडून अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि आदेश हाती येताच त्याची प्रत मागाहून सादर करावी. शाखेने आक्षेप घेतलाच, तर तो लेखी मागावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.