नाईट क्रीमच्या लेखावरची कमेंट आणि माझं उत्तर

कमेंट: "मॅडम, लेख वाचून हसू आलं. रात्री स्किन रिपेअर होते म्हणूनच नाईट क्रीमचा फॉर्म्युला वेगळा असतो, हे बेसिक सायन्स आहे. साधं मॉइश्चरायझर पुरे असं सरसकट सांगणं म्हणजे दिशाभूल. स्वतःला परवडत नाही म्हणून दुसऱ्यांना नावं ठेवू नका. माझी आई साठीची आहे, तिला नाईट क्रीमने खूप फरक पडलाय. आणि स्लीपिंग मास्क तुम्ही कधी वापरलाय तरी का?"

नमस्कार. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही, या ब्लॉगवर रोज कोणी ना कोणी मला खोडून काढतं आणि मी ते सगळं पब्लिश करते. पण हसू येणं, परवडणं-न परवडणं, ही कुठली पद्धत झाली बोलायची? माझ्या पाकिटात किती पैसे आहेत यावरून क्रीममध्ये काय आहे ते बदलत नाही. आणि बेसिक सायन्स हा शब्द जरा जपून वापरा, कारण बीफार्म झाल्यावर मी काही वर्षं क्रीम बनवून देणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या विभागात काम केलंय. तिथे एकाच छपराखाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्या भरल्या जायच्या, त्यामुळे डबीच्या आत काय असतं हे मी जाहिरातीत बघून शिकलेले नाही.

आता तुमच्या त्या रिपेअरच्या वाक्याकडे येते, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

रात्री त्वचेत बदल होतात हे खरंय, मी कुठेही नाकारलेलं नाही. संध्याकाळनंतर आणि रात्री त्वचेतून बाष्प होऊन उडून जाणारं पाणी वाढतं, त्वचेचं तापमान थोडं चढतं, आणि चेहऱ्यावरचं तेल जे दुपारी सगळ्यात जास्त सुटतं ते रात्री कमी होतं. म्हणजे पाणी जास्त उडतंय आणि वरचं नैसर्गिक तेलाचं झाकण पातळ झालंय. नव्या पेशी तयार व्हायचा वेगही रात्री जास्त असतो असं संशोधनात दिसलंय. पण हे सगळं त्वचा स्वतःच्या घड्याळाने करते, तुम्ही तोंडाला काही लावा नाहीतर लावू नका. खालून निघालेली पेशी वर येऊन झडून जायला तरुण माणसातसुद्धा साधारण महिना लागतो, वय वाढलं की त्याहून जास्त. तेव्हा एका रात्रीत रिपेअर वगैरे जे छापतात, तो सकाळी दिसणारा टवटवीतपणा असतो वरच्या मेलेल्या थरात पाणी शिरून तो फुगल्याचा, आणि तो दुपारपर्यंत उतरतो.

मग या रात्रीच्या बदलांवरून क्रीमबद्दल निष्कर्ष काय निघतो? एवढाच की झोपताना पाणी धरून ठेवणारं आणि वरून झाकणारं काहीतरी लावलेलं बरं, निदान ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी. ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक ॲसिड ही पाणी धरतात. पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, लॅनोलिन, मेण ही झाकण घालतात, आणि त्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं झाकण अजून दुसरं नाही. वरच्या पेशींमधल्या फटी बुजवून मऊपणा देणारी तेलं आणि फॅटी अल्कोहोलं वेगळी. आता कुठल्याही मेडिकलमधली बिनवासाची साध्या मॉइश्चरायझरची ट्यूब उचला आणि मागे वाचा, हे तिन्ही गट त्यात सापडतात. त्या ट्यूबला रात्र झालेली कळत नाही म्हणून ती काम कमी करत नाही.

फॉर्म्युला वेगळा असतो म्हणालात ना, तर कारखान्यात तो कसा वेगळा होतो ते सांगते. पाण्याचा भाग एका भांड्यात, तेला-मेणाचा भाग दुसऱ्या भांड्यात, दोन्ही 70-75 डिग्रीपर्यंत तापवायचे, एकत्र करून होमोजिनायझरने घुसळायचे, मग हळूहळू थंड करत 40-45 च्या आसपास आलं की परफ्यूम आणि उष्णता न सोसणाऱ्या गोष्टी घालायच्या. दिवसाच्या क्रीमचं आणि रात्रीच्या क्रीमचं काम याच पद्धतीने चालायचं. रात्रीच्यात तेला-मेणाचा भाग वाढवलेला, सिटोस्टिअरिल अल्कोहोल थोडं जास्त म्हणून क्रीम घट्ट, वास वेगळा, आणि दिवसाच्या क्रीममध्ये सनस्क्रीनचे फिल्टर असतील तर ते रात्रीच्यात काढलेले. घट्टपणा हा खरा फरक आहे, तो मी नाकारत नाही, कोरड्या त्वचेला तो आवडतो. पण घट्ट क्रीम हवी तर घट्ट मॉइश्चरायझर मिळतं, त्याच्यावर चंद्र छापलेला असायची गरज नाही.

एक गोष्ट मान्य करते. सरसकट या शब्दाला थोडी जागा आहे, कारण रेटिनॉल असलेल्या नाईट क्रीमबद्दल मी लेखात फक्त एक ओळ लिहिली होती. रेटिनॉल हा घटक साध्या मॉइश्चरायझरमध्ये नसतो आणि त्याचं काम खरंच वेगळं आहे, बारीक सुरकुत्या आणि डाग यांच्यावर काही महिन्यांत फरक दिसू शकतो. तो रात्री लावायचा कारण उजेडात तो खराब होतो. वरचा मेलेला थर सोलणारं ग्लायकोलिक ॲसिड रात्री लावायला सांगतात त्याचं कारण वेगळं, त्याने त्वचा उन्हाला हळवी होते. म्हणजे रात्रीची वेळ आली ती घटकामुळे. आणि इथे घेणाऱ्याने दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे पॅकिंग. रेटिनॉल हवेनेही मरतो, रुंद तोंडाच्या डबीत तो असेल तर रोज झाकण उघडून बोट घातल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यातला कितीसा उरणार, त्यामुळे ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा पंप बघा. दुसरं म्हणजे नाव. रेटिनिल पामिटेट लिहिलं असेल तर तो त्याच घराण्यातला पण खूप सौम्य, त्याच्यासाठी चौपट पैसे देऊ नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर या घराण्यातलं काहीही लावू नका, हे मात्र अगदी स्पष्ट सांगते.

यादी वाचण्याबद्दलही सांगून टाकते कारण याच्यावर लोक फार फसतात. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिलेले चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्यापर्यंतच घालता येतं, म्हणून त्याच्यानंतर जे काही येतं ते जवळपास नक्की एक टक्क्याच्या आत आहे असं समजायचं. शिया बटर, बदाम तेल, केशर, मध हे डबीवर मोठ्या चित्रात आणि यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे असतील तर ते नावापुरते आहेत. हा नियम रेटिनॉलला मात्र लावू नका, तो कमी प्रमाणातच काम करतो, 0.1 ते 0.3 टक्के हे त्याचं नेहमीचं प्रमाण आहे, त्यामुळे तो यादीत मागे असणं हा दोष नाही.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांना फरक पडला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पाळी गेल्यानंतर चेहऱ्यावरचं तेल कमी होतं, त्वचेतले चरबीचे थरही विरळ होतात, त्यामुळे साठीच्या बाईला रात्री जाडसर क्रीमची गरज असतेच, ही गोष्ट मूळ लेखातही होती आणि तुम्ही ती वाचली नाहीत याचं मला वाईट वाटतं. प्रश्न असा आहे की आधी त्या काय लावत होत्या? काहीच नाही, की अंगाला लावायचं पातळ लोशन? कारण काहीच न लावण्यापेक्षा कुठलीही क्रीम चांगलीच वाटणार.

माझी नाशिकची मावशी तुमच्या आईंच्याच वयाची. थंडीत तोंड धुतलं की चेहरा ताणल्यासारखा व्हायचा, गालांवर पांढरी सालं, ओठांच्या कडेला चिरा. मुलीने महागडी नाईट क्रीम आणून दिली आणि आठवड्यात सालं गेली, मग काय, घरात सगळ्यांना तीच क्रीम घ्या म्हणून सांगत सुटली. मी तिला एवढंच म्हटलं की डाव्या गालाला तुझी क्रीम लाव आणि उजव्या गालाला मेडिकलमधली ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली असलेली साधी ट्यूब, चेहरा जरा ओलसर असतानाच, दोन्हीकडे सारखंच, आणि तीन आठवडे बाजू बदलायची नाही. पूर्ण चेहरा आणि मानेला तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत पिळलेल्या अशा दोन-अडीच ओळी लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, त्याच्या निम्मं निम्मं. शेवटी मावसबहिणीला कुठला गाल कुठला ते ओळखता आलं नाही, मावशीलाही नाही. आणि या काळात मावशीने अंगाचा साबण तोंडाला लावणं बंद केलं त्याचा तर दोन्ही गालांना फायदा झाला. तुमच्या आईंकडून हे करून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. डावा गाल खरंच वेगळा निघाला तर ती क्रीम जरूर वापरा, मी मध्ये येणार नाही.

स्लीपिंग मास्क वापरलाय, हो. बहुतेक मास्क म्हणजे पाणी, ग्लिसरीन, ग्लायकॉल, सिलिकोन आणि वर पातळ पापुद्रा धरणारं पॉलिमर असलेलं जेल, आठवड्यातून दोन-तीनदा शेवटी लावायचं. एसीत झोपणाऱ्या कोरड्या चेहऱ्याला किंवा मुरुमांच्या ट्यूबमुळे सालं निघणाऱ्याला तो बरा वाटतो, पण मॉइश्चरायझरवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला तर तेच काम होतं. मुंबईच्या दमट हवेत तेलकट चेहऱ्यावर तो कशासाठी, हे मला कोणी समजावून सांगावं. माझ्या आतेबहिणीने लावला आणि कपाळभर बारीक, रंगहीन, तोंड नसलेले पुटकुळ्यांचे दाणे आले, आरशात समोरून दिसत नाहीत पण उजेड बाजूने पडला की दिसतात आणि हाताला खरखरीत लागतात. ते आले की काही लावून घालवायचा प्रयत्न करू नका, नवं जे सुरू केलंय ते बंद करा, जायला महिना-दीड महिना लागतो.

कोणाला गरज आहे ते ओळखायला संध्याकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, काही लावू नका, अर्धा तास थांबा. चेहरा ताणला नाही आणि सकाळी नाकाभोवती चमक असते, तर दिवसाचंच हलकं मॉइश्चरायझर रात्रीही पुरे, फक्त सनस्क्रीन नसलेलं. ताणला, तर घट्ट मॉइश्चरायझर घ्या. जाडसर लावूनही सालं, खाज किंवा आग होत असेल तर क्रीम बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

बाकी मुद्द्यांवर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही. आईंच्या डबीच्या मागची यादी आहे तशी कमेंटमध्ये टाइप करा, ती ट्यूब आहे की डबी तेही लिहा, मी ओळीओळीने सांगते. माझ्या पैशांबद्दल पुन्हा काही आलं तर मात्र ती कमेंट पब्लिश होणार नाही.