इमर्जन्सी कोट्याची सीट स्टेशन मास्तरच्या खिशात नसते

"घरात कोणी वारलं किंवा सिरीयस आहे तर घाबरू नका, प्रत्येक गाडीत सामान्य माणसासाठी इमर्जन्सी कोटा राखीव असतो. वेटिंग तिकीट काढा आणि गाडीच्या २ तास आधी स्टेशन मास्तरला साधा अर्ज द्या, सीट द्यावीच लागते, कायदा आहे. नाहीतर आयआरसीटीसीवर एचओ कोटा निवडा किंवा एजंटला थोडे पैसे द्या, तो खासदाराचं पत्र आणतो. पुढे पाठवा, कुणाच्या तरी कामी येईल."

हा फिरणारा फॉरवर्ड कुणाच्याच कामी येणार नाही, उलट ज्याच्या घरी खरंच काही झालंय त्याचे हातातले चार तास वाया जातील. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, जरा लांबेल.

सगळ्यात आधी हा कोटा कुणाचा ते. रेल्वेच्या भाषेत हा एचओ कोटा, आणि तो मुळात ठेवलाय तो मंत्री, खासदार, सुप्रीम कोर्ट-हायकोर्टाचे न्यायमूर्ती, वरिष्ठ अधिकारी अशा लोकांच्या अचानक ठरलेल्या प्रवासासाठी. वाटप करताना पहिला नंबर त्यांचा, तोही पदाच्या ज्येष्ठतेप्रमाणे. त्यांचं भागून जे बर्थ उरतील ते मग बाकीच्या अर्जांना, आणि तिथे कारण बघतात: सरकारी काम, घरातला मृत्यू, आजारपण, नोकरीचा इंटरव्ह्यू वगैरे. म्हणजे आपल्यासारख्याला मिळतच नाही असं नाही, मिळतं, पण हक्क म्हणून नाही, उरलं तर आणि अधिकाऱ्याला कारण पटलं तर. "द्यावीच लागते" हे कुठल्याच कायद्यात नाही. अधिवेशनाच्या काळात, लग्नसराईत, दिवाळीत उरण्याचा प्रश्नच कमी येतो, आणि दरवेळी नेमकं तेव्हाच आपल्याला तिकीट हवं असतं.

आता स्टेशन मास्तर. तो बिचारा गाड्या चालवतो हो, सिग्नल-लाईन त्याच्याकडे, बर्थ वाटप नाही. त्याच्या केबिनबाहेर रडून काही होत नाही आणि तिकीट खिडकीवरच्या क्लार्कच्या हातातही हे नाही. टीसी चार्ट लागल्यावर रिकामा राहिलेला बर्थ देऊ शकतो, पण तो हा कोटा नव्हे. कोट्याचा निर्णय होतो रेल्वेच्या मुख्यालयात किंवा डीआरएम म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या ऑफिसच्या वाणिज्य शाखेत, तिथे इमर्जन्सी कोट्याचा वेगळा सेल असतो. आणि गाडी कुठून सुटते यावर ऑफिस ठरतं, हे लोक सगळ्यात जास्त चुकतात. सीएसएमटी, एलटीटी, दादरहून सुटणारी मध्य रेल्वेची गाडी असेल तर सीएसएमटीचं मुख्यालय, मुंबई सेंट्रल किंवा बांद्रा टर्मिनसची असेल तर चर्चगेट, पुण्याहून सुटणारी असेल तर पुण्याचं डीआरएम ऑफिस. चर्चगेटला जाऊन मध्य रेल्वेच्या गाडीचा अर्ज दिलात तर ते सरळ परत पाठवतात, आणि तोपर्यंत वेळ संपलेली असते. मधल्या स्टेशनवरून चढणार असाल तर त्या स्टेशनला त्या गाडीत कोटा आहे का आणि तो कुणाच्या हातात, हे आधी फोन करून विचारा.

वेळेचा मुद्दा वेगळा घेतो कारण फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य "२ तास आधी" हेच आहे. पूर्वी चार्ट गाडीच्या साधारण ४ तास आधी लागायचा, तेव्हासुद्धा २ तास म्हणजे उशीरच होता. २०२५ पासून चार्ट बराच आधी लागायला लागला, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या संध्याकाळी-रात्रीच. त्यामुळे रेल्वे बोर्डाने जुलै २०२५ मध्ये अर्जाची वेळही मागे ओढली. रात्री १२ ते दुपारी २ या वेळात सुटणाऱ्या गाडीसाठी अर्ज आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत सेलमध्ये पोचला पाहिजे, दुपारी २ नंतर ते मध्यरात्रीपर्यंत सुटणाऱ्या गाडीसाठी आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत. प्रवासाच्या दिवशी आलेला अर्ज घेतच नाहीत. रविवारची किंवा सुट्टीच्या दिवसाची गाडी असेल तर आधीच्या कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळात, म्हणजे शनिवारीही ऑफिस बंद असेल तर शुक्रवारीच. आता यात नाव इमर्जन्सी आणि अर्ज आदल्या दिवशी, हा विनोद माझा नाही, रेल्वेचा आहे. पण समजून घ्या की आज दुपारी फोन आला आणि आज रात्रीच निघायचंय, तर हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे.

एचओ कोटा वेबसाईटवर निवडता येतो हे कुणी कुठे बघितलं देव जाणे. बुकिंगच्या यादीत जनरल, लेडीज, लोअर बर्थ-सीनियर सिटीझन, दिव्यांग, ड्युटी पास, तत्काळ, प्रीमियम तत्काळ एवढंच दिसतं. एचओचं थेट बुकिंग नसतंच. आधी साधं वेटिंग तिकीट काढायचं, त्याचा पीएनआर अर्जात लिहायचा, आणि मंजूर झालं तर त्याच पीएनआरवर बर्थ पडतो. वेटिंग नंबर ७ आहे की १२७ याने काही फरक पडत नाही, रांग पुढे सरकत नाही, तुमचं नाव रांगेतून उचललं जातं. जादा पैसेही लागत नाहीत, तिकिटाचं भाडं भरलंय तेवढंच.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणाने सांगतो, म्हणजे कागद कुठले लागतात तेही कळेल. समजा मुंबईतल्या एकाचे वडील नागपूरला ॲडमिट आहेत, शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय, आणि हे त्याला बुधवारी सकाळी कळलं. गाडी म्हणजे गुरुवार संध्याकाळची १२१०५ विदर्भ एक्सप्रेस, सीएसएमटीहून सातच्या सुमारास सुटणारी. त्याने नवरा-बायकोचं स्लीपरचं वेटिंग तिकीट काढायचं, हॉस्पिटलकडून पेशंटचं नाव, वॉर्ड, ऑपरेशनची तारीख असलेलं सहीशिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर मागवून प्रिंट काढायची. अर्जात गाडी नंबर, तारीख, क्लास, कुठून कुठे, पीएनआर, दोघांची नावं, पेशंटशी नातं, आणि स्वतःचा चालू मोबाईल नंबर. मोबाईल नंबर विसरू नका, प्रवाशांपैकी एकाचा तरी नंबर अर्जावर पाहिजे असा बोर्डाचाच आदेश आहे, खात्री करायला फोन येऊ शकतो. त्या अर्जाला राजपत्रित अधिकाऱ्याची सही असेल, नाव आणि हुद्द्यासकट, किंवा आमदार-खासदाराचं खरं पत्र असेल तर वजन येतं, नुसता साधा कागद खूप वेळा बाजूला पडतो. लक्षात घ्या, सही करणारा त्या मागणीच्या खरेपणाची जबाबदारी घेत असतो, म्हणून ओळखीतला अधिकारी "आधी हॉस्पिटलचं पत्र दाखव" म्हणाला तर राग मानू नका.

हे सगळं बुधवारी ४ च्या आत सीएसएमटीच्या सेलमध्ये. तिथे रजिस्टर असतं, अर्जाला डायरी नंबर पडतो, तो नंबर लिहून घ्या, पोच मिळत असेल तर घ्या. त्यानंतर पीएनआर दर दहा मिनिटांनी चेक करून उपयोग नाही, चार्ट लागेपर्यंत तो वेटिंगच दाखवतो, लोकांना वाटतं अर्ज फेटाळला. गुरुवारी चार्ट लागला की मग कळतं. आणि इथे अजून एक गोष्ट, दोन नावं आहेत म्हणून दोन बर्थ मिळतील असं नाही, एकच मिळू शकतो. म्हणून खरंच किती जण जाणं गरजेचं आहे ते अर्जात स्पष्ट लिहा, सहा जणांचं गोतावळ्याचं तिकीट एका पीएनआरवर टाकून सगळ्यांचं कन्फर्म मागाल तर अधिकारी तुमच्यापेक्षा एकट्या जाणाऱ्याचा अर्ज आधी घेणार, साधं गणित आहे, त्याच्याकडे बर्थच मोजके असतात. वापरले न गेलेले कोट्यातले बर्थ चार्टच्या वेळी वेटिंगवाल्यांना जातात, म्हणून कधीकधी अर्ज न देताही कन्फर्म झालं की लोक म्हणतात "बघ, मी सांगितलं होतं स्टेशन मास्तरला".

कोटा मिळालाच नाही तर? ई-तिकीट पूर्ण वेटिंगचं राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, थोडे पैसे कापून बाकीचे खात्यात येतात, आणि त्यावर रिझर्व्ह डब्यात चढायचं नाही. खिडकीवरून काढलेलं वेटिंग तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही, ते गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधीपर्यंत तुम्हालाच रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे बुडाले.

एजंटवाला मुद्दा. ट्रॅव्हल एजंटकडून आलेली मागणी घ्यायची नाही असं रेल्वेला सांगितलेलंच आहे. मग एजंट करतो काय, कुणाच्या तरी लेटरहेडवर अर्ज टाकतो, कधी लेटरहेड खरं आणि सही खोटी, कधी दोन्ही खोटं. पकडलं गेलं तर पीएनआर तुमचा, नाव तुमचं, मोबाईल तुमचा, आणि एजंटने तुम्हाला नाव खोटंच सांगितलेलं असतं. अधिकार नसताना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सीट मिळाली तर एजंट म्हणतो मी केलं, नाही मिळाली तर म्हणतो यावेळी वरून प्रेशर होतं, पैसे दोन्हीकडे त्याचेच. ज्या गोष्टीला शून्य रुपये लागतात तिचे पैसे कशाला द्यायचे?

आणि ज्याला आज रात्रीच निघायचंय त्याच्यासाठी. कोटा विसरा. चार्ट लागल्यावर रिकामे राहिलेले बर्थ करंट बुकिंगमध्ये खुले होतात, वेबसाईटवर आणि खिडकीवर दोन्हीकडे, साधारण गाडीच्या अर्धा तास आधी दुसरा चार्ट लागेपर्यंत. एकाच गाडीवर अडून बसू नका, त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या आणि सगळे क्लास बघा, स्लीपर भरलेलं असताना थर्ड एसीत एखादा बर्थ सापडतो. उद्या निघून चालणार असेल तर तत्काळ, एसीसाठी सकाळी १० आणि नॉन-एसीसाठी ११ वाजता उघडतं, गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी, पण वेबसाईटवरून काढायचं तर आता आधार जोडलेलं खातं लागतं, ते ऐनवेळी करायला बसू नका. मुंबई-नागपूरसारख्या मार्गावर रात्रीच्या स्लीपर बसेस आहेत, त्यात जागा मिळते, पाठ दुखते पण सकाळी पोचता. आणि तेही जमलं नाही तर जनरलचं तिकीट काढून जनरल डब्यातून जा, वेटिंग तिकीट दाखवून स्लीपरमध्ये घुसलात तर टीसी दंड घेऊन पुढच्या स्टेशनवर खाली उतरवतो, आणि हॉस्पिटलला पोचायचं असताना मध्येच मनमाडला रात्री दोन वाजता उभं राहणं परवडणारं नाही.